‘सातवा? वाटत नाही हो!’ : पोटावरच्या एका शेऱ्याची तपासणी

माझी ताई ठाण्याला राहते आणि रोज लोकलनं दादरला ऑफिसला जाते. गेल्या वर्षी ती गरोदर असताना एकाच दिवशी तिला तीन शेरे ऐकावे लागले. तेव्हा तिला तिसावा आठवडा चालू होता.

सकाळी लेडीज डब्यात एका अनोळखी बाईंनी उठून तिला जागा दिली. जागा देता देता म्हणाल्या, “बस गं बाई, केवढं पोट झालंय! जुळी आहेत का?” दुपारी ऑफिसजवळच्या दुकानात कुर्ता बघताना दुकानातल्या बाई म्हणाल्या, “एवढं मोठं पोट म्हणजे सिझरच होणार बघा.” संध्याकाळी स्टेशनबाहेर भाजी घेताना भाजीवाल्या मावशींनी विचारलं, “कितवा? सातवा? वाटत नाही हो. खातेस की नाही काही?”

पोट एकच, दिवस एकच आणि मधे फार तर दहा तासांचं अंतर. सकाळी जुळ्यांएवढं असलेलं पोट संध्याकाळी सातव्या महिन्यालाही कमी पडलं. रात्री ताईचा फोन आला तेव्हा आम्ही दोघी यावर हसलो. पण दोन आठवड्यांनी तिच्या तपासणीच्या कार्डावरचा वजनाचा आकडा बघितला आणि माझं हसू मावळलं. त्याबद्दल पुढे सांगते.

माझी पीएचडी पेशींवर आहे, माणसांवर नाही. माझा निम्मा दिवस एकाच प्रश्नात जातो : हे जे मोजलं, ते नक्की काय मोजलं? तोच प्रश्न मी या शेऱ्यांना विचारून बघितला. ताईची परवानगी घेऊनच हे लिहिते आहे. आकडे तिच्या कार्डावरचे आहेत.

आधी मोजमाप

‘पोट मोठं आहे’ किंवा ‘लहान आहे’ हे म्हटलं तर मोजमापच आहे, फक्त डोळ्यानं केलेलं. तेच काम दवाखान्यात टेपनं करतात. ओटीपोटाखालच्या जघनास्थीच्या वरच्या कडेपासून गर्भाशयाच्या वरच्या टोकापर्यंतची उंची सेंटीमीटरमध्ये मोजायची. साधारण चोविसाव्या आठवड्यापासून हा आकडा आठवड्यांच्या आकड्याच्या जवळपास असतो, दोन सेंटीमीटर इकडे किंवा तिकडे. म्हणजे तिसाव्या आठवड्यात २८ ते ३२. ताईचा आकडा होता २९.

इतकं साधं मोजमापसुद्धा सहज चुकतं. मूत्राशय भरलेलं असेल तर गर्भाशय वर ढकललं जातं आणि आकडा दोन-तीन सेंटीमीटरनी वाढू शकतो. म्हणून मोजण्याआधी लघवीला जाऊन यायला सांगतात. बाळ आडवं असेल तर उंची कमी भरते. मोजणारी व्यक्ती बदलली तरी आकडा थोडा बदलतो. शेवटच्या महिन्यात, विशेषतः पहिल्या खेपेला, बाळाचं डोकं ओटीपोटात खाली उतरतं आणि उंची चक्क घटते, पण त्या काळात बाळाची वाढ चालूच असते. म्हणून डॉक्टरही एका आकड्यावर जात नाहीत. आकडे ओळीनं बघतात आणि शंका आली तर सोनोग्राफी करतात.

आता लोकलमधल्या बाईंकडे काय होतं ते बघा. टेप नव्हती, आठवडा माहीत नव्हता, आधीचा आकडा नव्हता. त्यांना दिसत होता ओढणीखालचा एक आकार. तो आकार बाळाशिवाय बऱ्याच गोष्टींवर ठरतो. ताईची उंची १५७ सेंटीमीटर आहे आणि धड आखूड. तिच्या बाळाला वर जायला जागा कमी, म्हणून ते पुढे येतं. तेवढंच बाळ एखाद्या उंच बाईच्या पोटात कदाचित दिसणारही नाही. पोटाचे स्नायू किती घट्ट आहेत, आधी बाळंतपण झालंय का, बाळ पाठीमागे टेकून आहे की पुढे, अंगात साडी आहे की सैल कुर्ता, या सगळ्यांची त्यात भर पडते. सकाळी ताई गर्दीत कंबर मागे टाकून उभी होती, म्हणून पोट पुढे दिसलं. संध्याकाळी खांद्याची मोठी पिशवी पुढ्यात आली होती, म्हणून ते दिसलं नाही. दिवसभरात बदललं ते एवढंच.

वजनाचंही असंच. पूर्ण दिवसांपर्यंत साडेबारा किलो वाढ झाली असं धरलं, तर त्यात बाळ सव्वातीन-साडेतीन किलोचं असतं. वार, गर्भजल आणि वाढलेलं गर्भाशय मिळून आणखी अडीच किलोच्या आसपास. म्हणजे पोटात दिसतं असं जे काही आहे ते सगळं मिळून निम्म्याहून कमी. उरलेलं वजन वाढलेल्या रक्तात, शरीरातल्या पाण्यात, स्तनांत आणि पुढे दूध येण्यासाठी साठवलेल्या चरबीत असतं. त्यामुळे पोटाकडे बघून वजन सांगणं आणि वजनाकडे बघून बाळ सांगणं, दोन्ही अंदाजच.

एक अंदाज तर संशोधकांनी रीतसर तपासलाय. पोट पुढे टोकदार असेल तर मुलगा आणि पसरट असेल तर मुलगी, हे आपल्याकडे तुम्हीही ऐकलं असेल. अमेरिकेतही थोड्याफार फरकानं हेच म्हणतात. जॅनेट डिपिएत्रो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९९ मध्ये १०४ गरोदर बायकांवर हे तपासलं. पोटाच्या आकाराचा बाळाच्या लिंगाशी काहीही संबंध निघाला नाही. बायकांनी स्वतः केलेले अंदाज ५५ टक्के बरोबर आले, म्हणजे नाणं उडवल्यासारखेच.

मग बोलतात का?

शेऱ्यात बाळाबद्दल माहिती नसेल, तर ओळख ना पाळख असलेली माणसं तो मारतात कशासाठी? ‘लोकांना उद्योग नाहीत’ हे उत्तर मला पुरत नाही. जागा देणाऱ्या बाई रिकामटेकड्या नव्हत्या आणि वाईट तर अजिबात नव्हत्या. अख्ख्या डब्यात उठल्या त्या एकट्याच.

याचा एक धागा समाजशास्त्रज्ञ अर्व्हिंग गॉफमन यांच्या १९६३ च्या पुस्तकात सापडतो. सार्वजनिक जागेत अनोळखी माणसानं अनोळखी माणसाशी न बोलणं हा न लिहिलेला नियम असतो. पण काही माणसांना तो लागू होत नाही, त्यांच्याशी कुणीही बोलू शकतं. उदाहरणार्थ लहान मुलं, म्हातारी माणसं, गणवेशातला पोलीस. गॉफमन अशांना ‘उघडी’ माणसं म्हणतात. मला वाटतं पोट दिसायला लागलं की बाई या यादीत जाते. कालपर्यंत त्याच डब्यात ताईकडे कुणी मान वर करून बघत नव्हतं.

दुसरा धागा एलेन लँगर, सुझन फिस्क, शेली टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्याच्या १९७६ मधल्या प्रयोगांचा. त्यांचं म्हणणं असं होतं की नेहमी न दिसणारं शरीर समोर आलं की माणसाला टक लावून बघावंसं वाटतं, पण बघणं असभ्य असतं. या ओढाताणीत माणूस अवघडतो. गरोदर बाईचा फोटो लोकांनी कुणाचं लक्ष नसताना जास्त वेळ बघितला आणि कुणी बघतंय म्हटल्यावर कमी. प्रत्यक्ष भेटीत ते तिच्यापासून जरा लांब बसले. पण ज्यांना आधी एकतर्फी काचेतून तिला मनसोक्त बघू दिलं होतं, ते असे लांब बसले नाहीत.

इथे मला या प्रयोगाशी थोडं भांडायचं आहे. तिथली माणसं अवघडली की लांब सरकतात. लोकलच्या डब्यात लांब सरकायला जागा नसते आणि आपल्याकडे तशी रीतही नाही. मग अवघडलेपण जातं कुठे? माझ्या मते ते शब्दांत जातं. नजर पोटावर पडली, समोरचीनं ती पकडली, आता काहीतरी बोलायलाच हवं. आणि बोलायला समोर आहे काय, तर पोटच. ‘केवढं पोट झालंय’ या वाक्यानं बघण्याला काळजीचं कारण मिळतं. हा माझा तर्क आहे, त्या प्रयोगात तो तपासलेला नाही. पण तो धरला तर शेरा कधी ‘मोठं’ आणि कधी ‘लहान’ का असतो हे कळतं. शब्द कोणता हे महत्त्वाचं नसतंच. आपल्याकडे ‘छान दिसतेस’ म्हणायचीही चोरी, कारण दृष्ट लागेल. मग उरतात दोनच शब्द, एक मोठं आणि एक लहान.

तिसरा अभ्यास मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. मिकी हेबल आणि सहकाऱ्यांनी २००७ मध्ये तो प्रसिद्ध केला. गरोदर नसलेल्या तरुणींना त्यांनी दुकानांत पाठवलं, कधी कपड्यांखाली नकली पोट बांधून आणि कधी तसंच. काही वेळा त्या गिऱ्हाईक म्हणून गेल्या, काही वेळा नोकरी मागायला. नकली पोट बांधून गिऱ्हाईक म्हणून गेल्या तेव्हा दुकानातली माणसं जास्तच लडिवाळपणे वागली, अंगाला हातही लावला. तेच पोट बांधून नोकरी मागायला गेल्या तेव्हा त्यांच्याशी जास्त तुटकपणे वागली.

या प्रयोगात पोट खोटं होतं, आत बाळ नव्हतंच. तरी माणसं गोड झाली, कडू झाली, आणि ती कशी होणार हे ठरलं ती बाई तिथे कशासाठी आली होती यावरून. खरेदीला आलेली गरोदर बाई ‘आपल्या जागी’ असते, म्हणून लाड. काम मागायला आलेली ‘भलतीकडे’ असते, म्हणून तुटकपणा. ताईला हे सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “म्हणूनच दवाखान्याच्या रांगेत मला कुणी काही बोलत नाही, आणि गर्दीच्या वेळच्या लोकलमध्ये मात्र ‘या दिवसांत कशाला धावपळ’ ऐकायला मिळतं.” अमेरिकेतल्या दुकानांवरून ठाण्याच्या लोकलचा निष्कर्ष काढू नये, हे मान्य. पण खोट्या पोटानं एक गोष्ट दाखवली : पोटात काय आहे हे माहीत नसताना, किंवा काहीच नसताना, प्रतिक्रिया येतेच. शेरा वाचायचाच असेल तर तो बोलणाऱ्याबद्दल वाचावा.

‘दुर्लक्ष कर’ हा सल्ला का चालत नाही

ताईनं हे आईला सांगितलं तेव्हा आई म्हणाली, “अगं, दुर्लक्ष कर. लोक बोलतातच.” मीही हेच म्हणाले असते. पण पुढे जे झालं त्यावरून मला हा सल्ला अपुरा वाटतो.

ताईचं गरोदरपणाआधीचं वजन ५२ किलो. उंचीशी हिशेब केला तर तिचा बीएमआय २१ येतो, म्हणजे मध्यम. या गटासाठी अमेरिकेतल्या इन्स्टिट्यूट ऑफ मेडिसिननं २००९ मध्ये एकूण साडेअकरा ते सोळा किलो वाढ सुचवली आहे. पहिल्या तीन महिन्यांत अर्धा ते दोन किलो आणि नंतर दर आठवड्याला साधारण ३५० ते ५०० ग्रॅम. त्या हिशेबानं तिसाव्या आठवड्यापर्यंत साडेसहा ते साडेदहा किलो वाढ अपेक्षित. आपल्याकडच्या सरकारी मार्गदर्शनात एकूण आकडा कमी आहे, ९ ते ११ किलो, पण तिथेही पहिल्या तिमाहीनंतर महिन्याला दोन किलोच्या आसपास वाढ धरली आहे. ताईचं वजन होतं ६० किलो. आठ किलो वाढ, म्हणजे दोन्ही हिशेबांत चोख.

बत्तिसाव्या आठवड्यात वजन भरलं ६०.१.

डॉक्टरांनी कार्ड बघून विचारलं, “जेवण कमी केलंस का?” ताई आधी नाही म्हणाली आणि मग रडली. दोन आठवडे तिनं रात्रीची भाकरी सोडली होती. घरी सांगत होती की जळजळतं. खरं कारण दुकानातलं वाक्य होतं : एवढं पोट म्हणजे सिझर.

गंमत म्हणजे मोठं आणि लहान असे दोन्ही शेरे तिनं ऐकले होते. मग ‘खातेस की नाही’ हा का नाही लागला? कारण सिझरची भीती तिच्या मनात आधीच होती. शेरा त्या भीतीला जाऊन चिकटला. इथेच ‘दुर्लक्ष कर’ फसतं. जे शेरे कुठल्याच काळजीशी जुळत नाहीत त्यांच्याकडे आपोआप दुर्लक्ष होतं. जो जुळतो तो ठरवूनही कानाबाहेर जात नाही.

आणि ही भीती ताईच्या एकटीची नाही. मार्क आणि मिमी निक्टर या मानववंशशास्त्रज्ञ दांपत्यानं कर्नाटकच्या दक्षिण कन्नड भागात काम केलं होतं, १९८३ मध्ये ते प्रसिद्ध झालं. तिथल्या बायका गरोदरपणात मुद्दाम बेतानं खातात असं त्यांना दिसलं. त्यामागे दोन समजुती होत्या. बाळ लहान राहिलं तर बाळंतपण सोपं जातं, ही एक. पोटात अन्न आणि बाळ एकाच जागेत असतात, जास्त खाल्लं तर बाळाला जागा उरत नाही, ही दुसरी. प्रत्यक्षात अन्न जठरात जातं आणि बाळ गर्भाशयात असतं, ताईला हे ठाऊक आहे. पण पहिली समजूत तिच्यापर्यंत पोहोचली होती, नव्या कपड्यात : ‘मोठं पोट म्हणजे सिझर.’

दोन आठवडे वजन न वाढल्यानं बाळाचं काही बिघडलं नाही. तेव्हा पोटाची उंची ३० सेंटीमीटर भरली, म्हणजे मर्यादेच्या कडेवर पण आत. वाढीची सोनोग्राफी ठीक आली. पण हे दोन आठवड्यांत कळलं ते कार्डामुळे. तिची पुढची तपासणी महिन्यानंतर असती, तर महिना तसाच गेला असता.

मग करायचं काय

ताईनं आणि मी मिळून जे ठरवलं ते सांगते. यातला पहिला भाग तिला सगळ्यात उपयोगी पडला : शेऱ्याला उत्तर द्यायचं ते आधी स्वतःला, बोलणाऱ्याला नंतर.

तिनं कार्डावरचे तीन आकडे मोबाइलमध्ये लिहून ठेवले : आठवडा, वजन, उंची. शेरा ऐकला की तिथल्या तिथे स्वतःला विचारायचं, ‘या माणसाला यातला कुठला आकडा माहीत आहे?’ उत्तर ‘एकही नाही’ असंच येतं. तरीही मनातून गेलं नाही, तर ते वाक्य जसंच्या तसं पुढच्या तपासणीत डॉक्टरांना विचारायचं. मधल्या काळात त्या वाक्यावरून जेवणात काहीही बदल करायचा नाही, कमी नाही आणि जास्तही नाही. कारण ‘दोन जिवांचं खा’ हाही शेराच आहे. आयसीएमआरच्या २०२० च्या शिफारशीनुसार गरोदरपणात रोजची वाढीव गरज सुमारे ३५० कॅलरींची आहे. म्हणजे एखादी भाकरी, थोडी उसळ आणि कपभर दूध. दुसरं ताट नाही.

एकदाच भेटणाऱ्या अनोळखी माणसाला तिचं एकच वाक्य ठरलेलं असायचं, “डॉक्टर म्हणाल्या, सगळं व्यवस्थित आहे.” आणि लगेच नजर खिडकीबाहेर. सुरुवातीला ती आकडे समजावून सांगायची. त्यानं काय व्हायचं, तर समोरची आपल्या वहिनीचं वजन सांगायची आणि दादर येईपर्यंत चर्चा. समजावणं म्हणजे बोलण्याचं आमंत्रण. छोटं उत्तर आणि वळवलेली नजर यांनी ते ‘उघडं’ दार लोटता येतं, कुणाचा अपमान न करता. आणि जागा दिली असेल तर आभार जागेचे मानायचे. जागा घेतली म्हणून पोटावरच्या चर्चेला होकार दिला असं होत नाही.

पोटाला हात लावायला कुणी आलं तर एक पाऊल मागे, स्वतःचा हात पोटावर आणि दोन शब्द, “नको हं.” कारण द्यायचं नाही. कारण दिलं की समोरची व्यक्ती ते खोडायला बसते.

रोज भेटणाऱ्यांचं वेगळं. सोसायटीतल्या एक काकू लिफ्टमध्ये दर वेळी पोटाचा अंदाज घ्यायच्या. त्यांना ‘व्यवस्थित आहे’ पंधरा वेळा सांगून उपयोग नव्हता. ताई एकदा त्यांना म्हणाली, “काकू, तुम्ही मायेनं विचारता हे मला कळतं. पण पोट मोठं-लहान ऐकलं की मी रात्री जेवत नाही, झोपत नाही. त्यापेक्षा ‘आज काय खाल्लंस’ विचारा ना.” काकू दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी लिफ्टमध्ये म्हणाल्या, “काय केलं होतंस गं डब्याला?” सगळ्या काकू अशा वागतील असं नाही. पण त्यांना बोलायला दुसरा विषय लागतो, तो आपण दिला तर बदल होण्याची शक्यता तरी असते.

आणि घरच्यांचं एक काम. बाहेरचा माणूस बोलत असताना सोबत नवरा, सासू किंवा बहीण असेल तर उत्तर त्यांनी द्यावं. ताईच्या सासूबाई एका लग्नात कुणाला तरी म्हणाल्या होत्या, “तिचं वजन बघायला डॉक्टर आहेत. तुम्ही जेवून घ्या.” त्या एका वाक्यानंतर ताईला त्या हॉलमध्ये काहीच बोलावं लागलं नाही.

एक मर्यादा

‘लोकांचं काही ऐकू नका’ असा याचा अर्थ घेऊ नका. पोटाच्या आकाराला अर्थ असतो, म्हणूनच तो टेपनं मोजतात. उंची आठवड्यांच्या मानानं बरीच मागे पडली, किंवा महिन्याला तीन किलोपेक्षा जास्त वजन वाढलं, तर डॉक्टर कारण शोधतात. वाढलेला रक्तदाब, मधुमेह किंवा जुळी, यातलं काहीही असू शकतं. म्हणजे लोकलमधल्या बाईंचा ‘जुळी का?’ हा प्रश्न शंभरातल्या एखाद्या वेळी बरोबरही येईल. पण तो बरोबर आला हे ठरवणार सोनोग्राफीच. बाळाची हालचाल नेहमीपेक्षा कमी वाटणं, चेहऱ्यावर-हातांवर अचानक सूज येणं, न थांबणारी डोकेदुखी, डोळ्यांपुढे अंधारी, रक्त किंवा पाणी जाणं, ही लक्षणं दिसली तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा. यातली बहुतेक लक्षणं आईलाच आधी कळतात, समोरच्या सीटवरून ती दिसत नाहीत.

चौतिसाव्या आठवड्यात ताईचं वजन होतं ६१.१ आणि उंची ३३ सेंटीमीटर. त्या संध्याकाळी स्टेशनबाहेर त्याच भाजीवाल्या मावशी म्हणाल्या, “आता कसं दिसायला लागलं बघ!” ताईनं सांगितलं की तिला त्या दिवशी काहीच वाटलं नाही. तिनं मेथीची जुडी घेतली आणि घरी जाऊन भाकरीबरोबर खाल्ली.